शेपटीची खाच कुठे गेली?

गोव्याच्या आकाशात पंख पसरून घिरट्या घालणाऱ्या तपकिरी पक्ष्याला डोळे मिटून 'घार' म्हटलं, तर बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. मासळी बाजाराच्या छपरावर, कचऱ्याच्या ढिगाभोवती, शहरातल्या टॉवरांवर घारींचीच वस्ती. पण नेहमी बरोबर येणाऱ्या उत्तराची एक गंमत असते. ते चुकलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चोडणच्या खारफुटीवर फोटोत टिपलेली ब्राह्मणी घारीची पिल्लं, काबो द रामाच्या कड्यावरचा कोवळा समुद्री गरुड, थंडीत खाडीकाठच्या खाजन शेतांवरून जाणारा बूटेड ईगल, हे सगळे 'घार' या नावाच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं सुखाने पडून असतात.

ओळखीचे नियम तसे सगळ्यांना पाठ असतात. घारीची शेपूट दुभंगलेली, ब्राह्मणीची गोल, आणि गरुड म्हणजे मोठा. तिन्ही नियम खरे आहेत, आणि फोटोत तिन्ही फसवतात. समोर उडणारा पक्षी आपण दोन मिनिटं पाहतो, त्या वेळात तो शेपूट मिटतो, पसरतो, वळतो, एक पंख खाली घेतो, आणि या सगळ्यातून डोळा आपोआप एक आकार जुळवतो. फोटोत त्यातला सेकंदाचा हजारावा भाग उरतो. त्या क्षणी शेपूट पसरलेली असेल तर खाच नाहीशी, पंख तिरका असेल तर त्याची रुंदी खोटी, आणि शेजारी काही नसेल तर 'मोठा' या शब्दाला अर्थच नाही. म्हणून फोटोवरून ओळखायचं तर पहिला प्रश्न 'हा कोण?' असा नसावा. 'हा आत्ता काय करतोय?' असा असावा.

घारीच्या शेपटीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून होतात. शिकारी पक्ष्याच्या शेपटीत साधारण बारा मोठी पिसं असतात. घारीच्या शेपटीत बाहेरच्या कडांची पिसं सगळ्यात लांब आणि मधली आखूड. शेपूट मिटलेली असली की हा फरक बांगड्याच्या शेपटीसारखा स्पष्ट दिसतो. घार वळायला किंवा वर चढायला शेपूट पसरते, तेव्हा बाहेरची पिसं बाजूला जातात आणि मागच्या दिशेने त्यांची पोच कमी होते. समजा बाहेरचं पीस मधल्यापेक्षा दहा टक्के लांब आहे. ते पंचवीसेक अंश बाजूला सरकलं की मागच्या दिशेने दोन्ही पिसांची टोकं एकाच रेषेत येतात, आणि खाच गेली. आणखी पसरली तर कडा किंचित बाहेर फुगलेलीही दिसू शकते. म्हणजे गरम हवेच्या झोतावर गोल गोल चढणारी घार, जी फोटोला सगळ्यात सोयीची, तीच खाच दाखवत नाही. उलट सरळ रेषेत घसरत जाणारी घार खाच दाखवते, पण ती इतक्या झपकन निघून जाते की फोटो हलतो.

मग पसरलेल्या शेपटीत काय पाहायचं? कोपरे. घारीची पसरलेली शेपूट त्रिकोणी दिसते आणि तिचे दोन्ही कोपरे टोकदार राहतात, कारण सगळ्यात लांब पीस तिथेच असतं. ब्राह्मणी घारीच्या शेपटीत कडेची पिसं मधल्यांपेक्षा किंचित आखूड, त्यामुळे ती कितीही पसरली तरी कोपरा बोथट, वळणदारच राहतो. ही खूण तिरक्या फोटोतही टिकते, म्हणून खाचेपेक्षा मी तिला जास्त मानतो.

आता एक उदाहरण नीट उलगडून पाहू. समजा एप्रिलमधल्या दुपारी रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवरून एका तपकिरी पक्ष्याचे ओळीने चार फोटो काढलेत. डोकं फिकट, डोळ्यामागे गडद छटा, अंग मळकट तपकिरी, पंखाच्या टोकांशी काळं आणि त्याच्या आत फिकट डाग. पहिल्या नजरेला कुणीही घार म्हणेल.

पहिला फोटो बरोबर डोक्यावरचा. दोन्ही पंख सारख्याच लांबीचे दिसतात. हे आधी तपासायचं, कारण एक पंख दुसऱ्यापेक्षा आखूड दिसला तर पक्षी कललेला आहे आणि त्या फोटोवर कुठलंही माप घेण्यात अर्थ नाही. इथे पक्षी सरळ आहे, तेव्हा स्क्रीनवर पट्टी धरायला हरकत नाही. पंख अंगाला जिथे जुळतो तिथली त्याची रुंदी एक माप, आणि पंखाच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी दुसरं. घारीची शेपूट लांब असते. ती पंखाच्या रुंदीइतकी किंवा थोडी जास्तच भरते. आपल्या फोटोत ती रुंदीपेक्षा कमी भरतेय, आणि पंख घारीच्या मानाने आखूड आणि रुंद वाटतोय. पण शेपूट पूर्ण पसरलेली आहे, आणि पसरल्यावर ती थोडी आखूडच दिसते. एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, संशय मात्र धरायचा.

दुसऱ्या फोटोत पक्षी वळतोय, एक पंख आकाशाकडे उभा. माप घ्यायला निरुपयोगी, पण शेपटीचा आपल्या बाजूचा कोपरा स्वच्छ दिसतो, आणि तो गोल आहे. पहिल्या फोटोतला संशय इथे बळावतो. अशा फोटोंना 'बिघडलेला' म्हणून कॅमेऱ्यावरच पुसून टाकायची सवय फार महाग पडते. सुंदर फोटो एकच असला तरी चालतो, ओळखायला मात्र वेडेवाकडे चार लागतात.

तिसरा फोटो निर्णायक आहे. पक्षी नदीकडे घसरत उतरतोय, पंख मागे ओढलेले, शेपूट मिटलेली. घार असती तर खाच सगळ्यात खोल इथे दिसायला हवी होती. इथे शेपटीचं टोक अरुंद आणि गोलसर आहे, खाचेचा मागमूस नाही. पसरलेल्या शेपटीत खाच नसणं हा काहीच पुरावा नाही, मिटलेल्या शेपटीत नसणं हा भक्कम पुरावा आहे. या एका वाक्यावर अर्धे वाद मिटावेत. एकच पळवाट उरते ती पिसं गळण्याची. घारीची बाहेरची पिसं गळून नवी अर्धवट वाढलेली असली तर काही दिवस तिची शेपूट सपाट किंवा गोलही दिसू शकते. म्हणून कडेची पिसं दोन्ही बाजूंना सारखी आहेत ना आणि त्यांची टोकं पूर्ण आहेत ना, ते मोठं करून पाहायचं. पंखाच्या पिसांतही फटी दिसत असतील तर पक्षी पिसं बदलतोय हे नक्की, मग शेपटीवर फार भिस्त ठेवायची नाही. इथे तसं काही नाही.

चौथा फोटो उन्हाच्या विरुद्ध काढलेला. पंखाच्या टोकाजवळचा फिकट डाग त्यात झगझगीत दिसतो, आणि बघणारा खूश होतो, कारण ब्राह्मणीच्या पिल्लाला तिथे मोठा फिकट पट्टा असतो हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. इथे दोनदा थांबायला हवं. एक तर उन्हाच्या विरुद्ध कुठल्याही शिकारी पक्ष्याची आतली मोठी पिसं, जिथे ती एकमेकांवर कमी येतात, प्रकाश आरपार सोडतात आणि फिकट दिसतात. तो रंग पिसाचा नसतो, उन्हाचा असतो. पिसाचा खरा डाग असेल तर ऊन आपल्या पाठीमागून येत असतानाही, म्हणजे पहिल्या फोटोतही, तो त्याच जागी दिसला पाहिजे. आपल्या पक्ष्यात तो दिसतो. दुसरं म्हणजे हा डाग घारीलाही असतो. इथल्या घारींत तो बहुधा पुसट असतो, पण थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या घारींच्या पंखाखाली चांगला मोठा पांढुरका डाग असतो. तेव्हा डाग हा साक्षीदार आहे, पण एकट्याच्या साक्षीवर निकाल होत नाही. शेपटीने जे सांगितलं त्याला तो दुजोरा देतो, इतकंच.

चारही फोटो मिळून पक्षी ब्राह्मणी घारीचं पिल्लू ठरतो. महिनाही जुळतो. आपल्याकडे ब्राह्मणी घारीची वीण साधारण डिसेंबर ते एप्रिलची, त्यामुळे उन्हाळ्यात घरट्याबाहेर पडलेली तपकिरी पिल्लं नदीमुखांवर भरपूर दिसतात. विटकरी अंग आणि पांढरं डोकं या ओळखीच्या रूपात यायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात आणि मधल्या काळात ती ठिगळं लावल्यासारखी कशीही दिसतात. रापण ओढली जात असते तेव्हा किनाऱ्यावर जमलेल्या ब्राह्मणींत नीट पाहिलं तर या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसतात, आणि सगळ्यांची शेपूट गोल. रंग बदलतो, आकार बदलत नाही. आकाराकडे आधी पाहायचं ते यासाठी.

हेच फोटो एप्रिलऐवजी डिसेंबरचे असते तर आणखी एक नाव खोडावं लागलं असतं. बूटेड ईगल थंडीत येतो, आणि त्याचं गडद रूप घारीच्या इतकं जवळचं असतं की घारींच्या थव्यात तो सहज खपून जातो. त्याची शेपूट सरळ कापलेली, कोपरे किंचित बोथट, आणि मिटली तरी खाच नाही. मग ब्राह्मणीच्या पिल्लापासून त्याला वेगळं कसं करायचं? समोरून येतानाचा फोटो मिळाला तर मान आणि पंख जुळतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका दिसतो, लांबूनही चमकणारा. तो दिसला की प्रश्न संपतो. खालून पाहताना त्याचे पंख घारीसारखे मनगटात, म्हणजे पंखाच्या मधल्या सांध्यात, मोडलेले दिसत नाहीत. मागची कड बरीच सरळ आणि टोकाची बोटं खोल सुटलेली असतात.

बोटं म्हणजे पंखाच्या टोकाची, एकमेकांपासून सुटी दिसणारी पिसं. त्यांची गिनती हा फोटोवाल्यांचा आवडता खेळ आहे आणि कधीकधी तो कामाचाही असतो. शिक्र्याची पाच आणि घाटातल्या शेंडीवाल्या गॉसहॉकची सहा, हा फरक दोघांचे फोटो शेजारी ठेवले की उपयोगी पडतो. पण पक्षी घसरत असेल तर बोटं मिटतात आणि सहाची चार दिसतात. फोटो फार कापून मोठा केला की दोन बोटांमधली फटच बुजते. पंख पूर्ण ताणलेला आणि फोटो सुस्पष्ट असेल तरच मोजावं, नाहीतर आपल्याला हवा तो आकडा निघतोच. बोटंच नाहीत, पंख टोकाशी निमुळता होत गेलाय आणि तो मिटलेलाही नाही, असं दिसलं तर समोर ससाणा आहे. तो या सगळ्या मंडळींपासून वेगळाच.

समुद्री गरुडाबाबत गोवेकरांना अडचण पडू नये असं वाटतं, कारण पूर्ण वाढलेला पक्षी पांढऱ्या पोटाचा आणि काळसर राखी पंखांचा, दुसऱ्या कशासारखाच नाही. पण त्यालाही चार-पाच वर्षं लागतात आणि तोवर तो तपकिरीच असतो, पंखाखाली फिकट डागासह. म्हणजे पुन्हा तोच रंग, तोच डाग. इथे पंख किती उचललेत ते पाहावं. समुद्री गरुड घिरट्या घालताना पंख वर उचलून धरतो, समोरून पाहिलं तर स्पष्ट इंग्रजी 'व्ही'. ब्राह्मणी पंख सपाट किंवा जरा खाली झुकवून धरते, घार मनगटात वाकवून. कड्यावरून, पुलावरून किंवा होडीतून पक्षी डोळ्यांच्या पातळीवर आला की हा फोटो घ्यायचाच. दिसायला तो एका काळ्या रेषेसारखा असतो आणि कुणी त्याला लाइक देत नाही, पण खालून घेतलेल्या दहा फोटोंत जे कळत नाही ते त्यात कळतं. मात्र एकाच फोटोतल्या 'व्ही'वर जाऊ नये, पंख हलवतानाही तो क्षणभर दिसतो. ओळीने तीन-चार फोटोंत पंख तसेच उचललेले असले तर ती धरण्याची पद्धत, नाहीतर ते नुसतं पंख मारणं. शिवाय समुद्री गरुडाची शेपूट फारच आखूड आणि मध्ये किंचित टोकदार असते. पट्टी लावली तर ती पंखाच्या रुंदीपेक्षा बरीच कमी भरते आणि पुढे डोकं-मान चांगली बाहेर आलेली दिसते. करमळीच्या तळ्यावर किंवा खाजनात थंडीत दिसणारा दलदली हॅरियरही पंख असेच 'व्ही'त धरतो, पण त्याचे पंख अरुंद आणि शेपूट लांब. दोघांची गल्लत फक्त 'व्ही' पाहून थांबणाऱ्याची होते.

आकारमानाबद्दल एकच सांगतो. समुद्री गरुडाचा पंखविस्तार दोन मीटरच्या आसपास, ब्राह्मणीचा सव्वा मीटरच्या आत. समोर हा फरक प्रचंड असतो आणि रिकाम्या आकाशाच्या फोटोत शून्य. कावळा पाठीमागे लागलेला असला आणि दोघेही एकाच वेळी फोकसमध्ये असले तर त्याच्यावरून अंदाज बांधता येतो. कावळा धूसर असेल तर तो पुढे किंवा मागे आहे, त्याला पट्टी म्हणून वापरू नये.

किनारा सोडून चोर्ला घाटात किंवा मोलेच्या बाजूला गेलं की खेळ बदलतो. सकाळी नऊ-साडेनऊनंतर दरीतली हवा तापते आणि पक्षी वर येऊ लागतात. इथे घारी कमी, आणि ओळखीचा खरा पेच म्हणजे मधुबाज आणि मोरघार, जी नावापुरती घार, खरी गरुडच. दोघेही मोठे, पंख रुंद, शेपूट लांबट, पंखांखाली आणि शेपटीवर आडवे पट्टे. रंग तर दोघांचेही इतके बदलतात की रंगाचं नावच काढू नये. मधुबाज फिकट, विटकरी, तपकिरी, जवळजवळ काळा असा कसाही असतो. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की मधुबाजाचा पिसारा ताकदवान मोरघारीसारखा दिसतो तो योगायोगाने नाही. त्यामुळे त्याच्यावर हल्ला करणारे बिचकतात. म्हणजे जो पिसारा दुसऱ्या शिकाऱ्याला चकवण्यासाठी घडला असावा, त्याच्यावर आपण ओळख बेतत असतो.

पण डोकं लपवता येत नाही. मधुबाज मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची पोळी उकरून खातो, त्यातल्या अळ्या हे त्याचं मुख्य अन्न. त्याला मोठं भक्ष्य फाडावं लागत नाही, तर पोळ्यात चोच घालावी लागते, आणि डंखांपासून बचाव म्हणून त्याच्या चेहऱ्यावर बारीक, दाट, खवल्यांसारखी पिसं असतात. त्यामुळे त्याचं डोकं लहान आणि निमुळतं, चोच बारीक, आणि मान लांब, पंखांच्या पुढे चांगली बाहेर आलेली. कबुतराचं डोकं गरुडाच्या अंगावर बसवलंय असं वाटलं की मधुबाज. मोरघारीचं डोकं रुंद, चोच जाड, मान आखूड. कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंतची रेषा मधुबाजात सलग उतरते, मोरघारीत कपाळ संपतं तिथे चोच वेगळी उठून दिसते. हे पाहायला पक्षी जरासा बाजूने दिसायला हवा. बरोबर खालून डोक्याचा नुसता ठिपका दिसतो, तेव्हा मानेची लांबी तेवढी पाहावी.

एक घोटाळा इथे ठरलेला. मोरघारीला शेंडी असते, सर्पगरुडालाही तुरा असतो, म्हणून लोक फोटो मोठा करकरून शेंडी शोधतात. उडताना शेंडी मानेवर चापून बसते. शेंडी नाही म्हणून मोरघार नाही, असं म्हणता येत नाही. पंखाखालचे पट्टे मात्र थोडे कामाचे आहेत. पूर्ण वाढलेल्या मधुबाज नराच्या पंखाच्या मागच्या कडेला एक रुंद गडद पट्टा असतो, आणि शेपटीवर मोजके ठळक पट्टे, त्यांच्यात भरपूर फिकट जागा. मोरघारीचे पट्टे जास्त, अरुंद आणि दाट. मादी आणि पिल्लू यांच्यात हा फरक पुसट होत जातो, तेव्हा पुन्हा डोक्याकडे वळायचं. पाय दिसले तर उत्तमच. मधुबाजाचे पाय उघडे, पिवळे असतात आणि मोरघारीचे बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. शेपटीच्या बुडाशी आत ओढून घेतलेले पाय दहातल्या एखाद्या फोटोत स्पष्ट येतात.

सर्पगरुडावर फार शब्द खर्चायला नकोत. घाटात ओरडत फिरणारा गरुड बहुधा तोच. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या पंखाखाली मागच्या कडेला समांतर जाणारा रुंद पांढरा पट्टा, त्याच्याबाहेर काळी किनार, आणि शेपटीतही तसाच एक रुंद पांढरा पट्टा. एवढं दिसलं की पुरे. पंख थोडे वर आणि पुढे रेटलेले असतात. काळा गरुडही इथलाच, झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, संथ फिरणारा. त्याचे पंख अंगाशी अरुंद आणि पुढे रुंद होत जातात, शेपूट लांब, आणि काळ्या अंगावर पिवळे पाय व चोचीचं पिवळं बूड. फक्त एक ध्यानात ठेवावं. कमी उजेडात घेतलेला कुठलाही गरुड काळाच दिसतो, म्हणून रंगाआधी पंखाचं ते अंगाजवळचं अरुंदपण दिसलं पाहिजे.

यातल्या निम्म्या अडचणी कॅमेऱ्यातच तयार होतात. कॅमेरा उजळ आकाश पाहून चित्र गडद करतो आणि पक्ष्याची खालची बाजू काळी पडते. निळ्या आकाशात एक्स्पोजर साधारण एक स्टॉपने वाढवावं, आभाळ पांढरं असेल तर दीड ते दोन. आकाश पांढरंफटक झालं तरी हरकत नाही, आपल्याला पंखाची खालची बाजू हवी आहे. शटर १/१६०० च्या आसपास असलं की बोटं सुटी राहतात. रॉमध्ये काढलं असेल तर सावल्या नंतरही उचलता येतात, जेपेगमध्ये फारशा नाही. धार वाढवण्याचं बटण मात्र जपून. ते जास्त झालं की पंखाच्या कडेला एक पांढरी रेघ उगवते आणि सर्पगरुडाचा पट्टा सापडल्याचा भास होतो. मूळ फोटोत ती रेघ नसेल तर ती पक्ष्याचीही नाही. पाण्यावरून किंवा पांढऱ्या वाळूवरून जाणाऱ्या पक्ष्याच्या पोटावर खालून उजेड पडतो, त्यामुळे मोरजीच्या किनाऱ्यावर तीच घार मडगावच्या घारीपेक्षा फिकट दिसते.

कुणाला फोटो दाखवून नाव विचारायचं असेल तर कापलेल्या एका देखण्या फोटोबरोबर मूळ न कापलेले तीन-चार फोटोही द्यावेत, एक शेपूट मिटलेला, एक पसरलेला, एक समोरून किंवा बाजूने, आणि सोबत तारीख व जागा. मिटलेल्या शेपटीचा फोटोच नसेल आणि कोपरेही दिसत नसतील तर नोंदीत 'घार किंवा ब्राह्मणीचं पिल्लू' एवढंच लिहावं. घाटातल्या पक्ष्याचं डोकं दिसत नसेल तर 'मधुबाज किंवा मोरघार'. ही अर्धवट नोंद वाटते खरी, पण नंतर मोजणी करणाऱ्याला ती चुकीच्या पक्क्या नावापेक्षा बरी पडते.